आधी तोटा, मग लॉट

शुक्रवारी, ४ एप्रिल २०२५ रोजी निफ्टी २२,९०४ वर बंद झाला. दोनच दिवस आधी अमेरिकेने जवळपास सगळ्या जगावर नवे आयातकर जाहीर केले होते आणि बाजार धास्तावलेला होता, पण कोसळलेला नव्हता. आपला बाजार बंद झाल्यानंतर त्या रात्री अमेरिकेतला निर्देशांक सुमारे सहा टक्के घसरला. मधे शनिवार-रविवार गेला आणि सोमवारी, ७ एप्रिलला सकाळी सव्वानऊला निफ्टी थेट २१,७५८ वर उघडला. शुक्रवारचा बंद आणि सोमवारचं उघडणं यांत साडेअकराशे अंकांचं अंतर होतं, आणि त्या अंतरात एकही सौदा झालेला नव्हता. ज्यांनी २२,५०० किंवा २२,४०० वर स्टॉपलॉस लावले होते, त्यांना त्या भावात बाहेर पडता येणं शक्यच नव्हतं. तो भाव त्या सकाळी आलाच नाही.

ऑप्शनच्या सौद्यात किती लॉट घ्यायचे, हा प्रश्न मला अशाच सकाळींच्या संदर्भात विचारावासा वाटतो. बहुतेक लोक तो वेगळ्या पद्धतीने विचारतात. खात्यात इतके पैसे आहेत, एका लॉटला इतकं मार्जिन लागतं, म्हणजे इतके लॉट बसतील. हा भागाकार ब्रोकरचं अ‍ॅपही करून दाखवतं. त्यामुळे तोच खरा हिशोब आहे असं वाटू लागतं. पण मार्जिन म्हणजे ब्रोकर आणि एक्स्चेंज यांनी स्वतःच्या सुरक्षेसाठी अडवून ठेवलेली रक्कम. तुमचं किती गेलं तर तुम्हाला चालेल, हे त्या आकड्याला ठाऊक नसतं. ते ठरवायचं तर सुरुवात दुसऱ्या टोकाने करावी लागते: या सौद्यात सगळंच बिनसलं तर जास्तीत जास्त किती जाईल, आणि ती रक्कम माझ्या खात्याचे किती टक्के आहे?

हा प्रश्न सगळ्याच सौद्यांना विचारता येत नाही. एखाद्याने नुसता पुट विकला असेल, तर बाजार जितका खाली जाईल तितका त्याचा तोटा वाढत जातो. कमाल तोटा किती, याचं उपयोगी उत्तर त्याच्यापाशी नसतं. मर्यादित जोखमीच्या सौद्यांत मात्र हे उत्तर ऑर्डर टाकण्याआधीच मिळतं. ऑप्शन नुसता विकत घेतला तर भरलेला प्रीमियम हाच कमाल तोटा. एक ऑप्शन विकून त्याच्याच पुढचा दुसरा विकत घेतला, म्हणजे स्प्रेड केला, तर दोन स्ट्राइकमधलं अंतर वजा मिळालेला प्रीमियम हा कमाल तोटा. बाजार शून्यावर गेला तरी त्याहून जास्त जात नाही.

त्या शुक्रवारचाच सौदा घेऊ. समजा एका व्यक्तीचं ऑप्शनसाठी वेगळं काढलेलं खातं ७ लाखांचं आहे. बाजार थोडा खाली जाईल, पण २२,५०० च्या खाली जाणार नाही, असं तिला वाटतं. म्हणून ती २२,५०० चा पुट विकते आणि संरक्षणासाठी २२,३०० चा पुट विकत घेते. दोन्हींची एक्स्पायरी पुढच्या बुधवारची, ९ एप्रिलची, कारण गुरुवारी महावीर जयंतीची सुट्टी होती. प्रीमियमचे आकडे मी समजुतीसाठी धरतो आहे: दोन पुटमधला फरक २५ अंक. म्हणजे सौदा करताना तिच्या खात्यात अंकाला ७५ रुपये या दराने १,८७५ रुपये आले, कारण तेव्हा निफ्टीचा लॉट ७५ चा होता. एक्स्पायरीला निफ्टी २२,५०० च्या वर राहिला तर हे सगळे पैसे तिचे. २२,३०० च्या खाली गेला तर दोन स्ट्राइकमधले पूर्ण २०० अंक तिला द्यावे लागतील. त्यातून आधी मिळालेले २५ वजा केले की उरतात १७५, आणि त्यांना ७५ ने गुणलं की १३,१२५ रुपये. एका लॉटमागचा हा कमाल तोटा.

आता टक्केवारी. समजा तिने स्वतःला नियम घालून घेतला आहे की एका सौद्यात खात्याच्या २ टक्क्यांहून जास्त घालवायचे नाहीत. ७ लाखांचे २ टक्के म्हणजे १४,०००. त्याला १३,१२५ ने भागलं की उत्तर येतं एकाहून थोडं जास्त. पूर्णांक घ्यायचा, म्हणजे एक लॉट. दलाली, सौद्यावरचा कर, एक्स्चेंजचं शुल्क आणि जीएसटी यांचे मिळून दीड-दोनशे रुपये धरले तरी रक्कम १४,००० च्या आतच राहते. हिशोब इथे संपतो.

हा हिशोब मिनिटभराचा आहे, पण तो पाळणं अवघड जातं, कारण मार्जिनचा हिशोब समोर वेगळंच उत्तर मांडून बसलेला असतो. संरक्षणासाठी पुट घेतलेला असला की एक्स्चेंज मार्जिन बरंच कमी मागतं. समजा अशा एका स्प्रेडला ४० हजार लागतात. ७ लाखांत १७ लॉट बसतात. एका लॉटला १,८७५ मिळाले तर १७ लॉटना ३१,८७५ मिळतील, म्हणजे तीन कामकाजाच्या दिवसांत साडेचार टक्के. हा आकडा मोहात पाडणारा आहे. पण त्याच १७ लॉटचा कमाल तोटा २,२३,१२५ रुपये, म्हणजे खात्याचे जवळजवळ ३२ टक्के होतो. स्क्रीनवर मार्जिन ठळक दिसतं, हा ३२ टक्क्यांचा आकडा दिसत नाही. तो आपणच काढावा लागतो.

सोमवारी सकाळी दोघांचं काय झालं असतं ते पाहू. २१,७५८ हा भाव दोन्ही स्ट्राइकच्या खूप खाली. तरीही एक्स्पायरीला अडीच-तीन दिवस होते आणि बाजार प्रचंड हलत होता, त्यामुळे स्प्रेडची किंमत लगेच पूर्ण २०० होत नाही. समजा तो १६० ला मिळत होता. एक लॉटवाल्या व्यक्तीला त्या क्षणी १०,१२५ रुपयांचा तोटा दिसला असता, खात्याच्या दीड टक्क्याच्या आसपास. आणखी काहीही घडलं तरी पुढे जाऊ शकणारी रक्कम फक्त ३,००० होती. तिला धावपळ करण्याचं कारण नव्हतं. १७ लॉटवाल्याला त्याच क्षणी १,७२,१२५ चा तोटा दिसत होता. शिवाय त्या दिवशी बाजाराची अस्थिरता मोजणारा इंडिया व्हिक्स एका झटक्यात १४ च्या आसपासून २२ च्या वर गेला. अस्थिरता वाढली की मार्जिनही वाढतं. ज्याने ७ लाखांपैकी ६ लाख ८० हजार आधीच अडकवले आहेत, त्याच्याकडे वाढीव मार्जिन भरायला काहीच नाही. त्याने ठरवलं तरी त्याला थांबता येत नाही. ब्रोकर सौदा बंद करतो, आणि तोही सगळ्यात वाईट भावात.

पुढे जे घडलं ते नोंदीत आहे. सोमवारी निफ्टी २२,१६१ वर बंद झाला, मंगळवारी सावरून २२,५३५ वर गेला आणि बुधवारी, एक्स्पायरीच्या दिवशी, २२,३९९ वर थांबला. २२,५०० च्या विकलेल्या पुटवर साधारण १०१ अंक द्यावे लागले, २२,३०० चा पुट निरर्थक ठरला. मिळालेले २५ वजा करता ७६ अंकांचा तोटा, म्हणजे एका लॉटला सुमारे ५,७०० रुपये. ७ लाखांच्या खात्याचा एक टक्काही नाही.

यावरून थांबलेलं बरं असतं, असा अर्थ कोणी काढू नये. बाजार २१,७०० वरच राहिला असता तर पूर्ण १३,१२५ गेले असते, आणि तसं घडणं अगदी शक्य होतं. मुद्दा एवढाच की त्या सकाळी थांबायचं की निघायचं, हे ठरवण्याची मुभा एकाला होती आणि दुसऱ्याला नव्हती. ही मुभा शुक्रवारीच ठरली होती, लॉटचा आकडा टाइप करताना.

इथे अनुभवी सौदेकरी एक हरकत घेतात, आणि ती ऐकण्यासारखी आहे. ते म्हणतात, मी स्प्रेड पूर्ण तोट्यापर्यंत कधी ठेवतच नाही. प्रीमियमच्या दुप्पट तोटा झाला की बाहेर पडतो. मग माझा खरा तोटा १७५ अंक कशाला धरायचा, ५० अंक धरेन आणि त्या हिशोबाने तिप्पट लॉट घेईन. सर्वसाधारण दिवशी त्यांचं म्हणणं बरोबर ठरतं. बाजार टप्प्याटप्प्याने खाली येतो आणि ते ५० अंकांवर बाहेर पडतात. पण ७ एप्रिलसारख्या सकाळी, किंवा ४ जून २०२४ ला लोकसभेच्या निकालांच्या दिवशी निफ्टी जवळपास सहा टक्के पडला तेव्हा, ५० अंकांवरचा दरवाजा उघडलाच नाही किंवा क्षणात बंद झाला. स्टॉपलॉस हा हेतू आहे. विकत घेतलेला पुट हा हक्क आहे. हेतू बाजाराच्या मर्जीवर चालतो, हक्क चालत नाही. म्हणून बाहेर पडण्याचा नियम जरूर ठेवावा, त्याने सरासरी तोटा कमी होतो. पण लॉट मात्र कमाल तोट्यावरच मोजावेत. या बाबतीत मला मधला मार्ग पटत नाही.

आता दोनच टक्के का? पाच का नाहीत, किंवा दहा? याचं उत्तर या सौद्याच्या स्वभावात आहे. इथे २५ मिळवायला १७५ पणाला लावले आहेत. म्हणजे एक पूर्ण तोटा सात पूर्ण नफे खाऊन टाकतो. दर आठ सौद्यांत सात जिंकले तरी हातात शून्य. नफा-तोटा बरोबरीत यायलाच साडेसत्याऐंशी टक्के यश लागतं. आणि अशा सौद्यात यश भरपूर मिळतंही. दहा-पंधरा आठवडे सलग पैसे येऊ शकतात. त्या काळात लॉट वाढवण्याची इच्छा सगळ्यात प्रबळ असते.

बेल लॅब्समध्ये काम करणाऱ्या जॉन केली यांनी १९५६ साली एक सूत्र मांडलं. यशाची शक्यता आणि नफा-तोट्याचं प्रमाण माहीत असेल, तर दर वेळी भांडवलाचा किती हिस्सा लावल्याने ते दीर्घकाळात सर्वांत वेगाने वाढेल, हे त्यातून निघतं. ते आपल्या सौद्याला लावून पाहू. सोयीसाठी असं धरू की प्रत्येक सौद्यात एकतर पूर्ण नफा किंवा पूर्ण तोटा होतो. यशाची शक्यता ९० टक्के असेल तर सूत्र सांगतं, २० टक्के लावा. शक्यता ८८ टक्के असेल तर सूत्र सांगतं, फक्त ४ टक्के. आणि ८७ टक्के असेल तर उत्तर ऋण येतं, म्हणजे हा सौदा करूच नका. ९० आणि ८७ मधला फरक तीन टक्क्यांचा, आणि त्या तीन टक्क्यांत उत्तर २० वरून शून्याच्याही खाली जातं.

हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं, म्हणून थोडं थांबून सांगतो. आपली शक्यता ९० आहे की ८७, हे आपल्याला कळणार कसं? समजा तुम्ही असे १०० सौदे केले, दर आठवड्याला एक, म्हणजे जवळपास दोन वर्षं. त्यात ९० जिंकले. तरी संख्याशास्त्र सांगतं की एवढ्या नमुन्यातून काढलेला आकडा तीन टक्के इकडे किंवा तिकडे सहज असू शकतो. म्हणजे दोन वर्षांची शिस्तबद्ध नोंद हातात असूनही २० टक्के लावणं योग्य आहे की सौदा करणंच अयोग्य आहे, हे खात्रीने सांगता येत नाही. अशा अज्ञानात शहाणपणाचा आकडा लहानच असतो. दोन टक्के हा काही निसर्गनियम नाही. दीड असेल, एक असेल. पण पाचच्या वर जायचं तर ज्या खात्रीची गरज आहे, ती माझ्या माहितीतल्या कुठल्याही छोट्या सौदेकऱ्याकडे नाही.

लागोपाठच्या तोट्यांनी काय होतं तेही मोजता येतं. दर वेळी शिल्लक रकमेच्या २ टक्के गेले आणि सलग दहा वेळा गेले, तरी खात्यात सुरुवातीच्या साधारण ८२ टक्के उरतात. ५ टक्के लावत असाल तर ६० उरतात, आणि ती भरपाई करायला उरलेल्या रकमेवर ६७ टक्के कमवावे लागतात. १७ लॉटवाल्याचे ३२ टक्के घेतले तर दहा वेळांची गरजच नाही. दोन पूर्ण तोटे लागोपाठ झाले की खातं निम्म्याहून खाली.

आता हा नियम प्रत्यक्षात कुठे मोडतो ते पाहू. आपल्या व्यक्तीला पहिल्या काही महिन्यांत थोडा तोटा झाला आणि खातं साडेसहा लाखांवर आलं. २ टक्के म्हणजे आता १३,०००. तोच स्प्रेड, तोच १३,१२५ चा कमाल तोटा. भागाकाराचं उत्तर एकाहून किंचित कमी, म्हणजे शून्य लॉट. फक्त १२५ रुपयांसाठी! इथे हात जवळचा आकडा घेऊन एक लॉट टाकायला सरसावतो. पण पूर्णांक नेहमी खालचाच घ्यायचा असतो, कारण नियम तुम्हाला थांबवण्यासाठी आहे आणि थांबवण्याची वेळ नेमकी खातं घटलेलं असतानाच येते. १२५ रुपयांसाठी वाकवलेला नियम पुढे १,२५० साठी वाकतो. दुसरा मार्ग खुला आहे: १५० अंकांचा स्प्रेड घ्या, किंवा प्रीमियम जास्त मिळेल असा आठवडा येईपर्यंत थांबा. निफ्टीच्या स्ट्राइक ५०-५० अंकांवर असतात, त्यामुळे रुंदी बदलता येते.

पण रुंदी कमी करत नेण्यालाही तळ आहे. ३ लाखांचं खातं घ्या. २ टक्के म्हणजे ६,०००. २०० अंकांचा स्प्रेड बसणार नाही, हे उघड आहे. १०० अंकांचा घेतला आणि त्यात १४ अंक मिळाले तर कमाल तोटा ८६ गुणिले ७५, म्हणजे ६,४५०. तरी शून्य. ५० अंकांचा घेतला, ७ अंक मिळाले, तर ३,२२५. हा एक लॉट बसतो. पण मिळणार किती? ५२५ रुपये. त्यातले दीड-दोनशे रुपये दलाली आणि करांत जातात, कारण चार ऑर्डर लागतात आणि दलाली स्प्रेडच्या रुंदीप्रमाणे कमी होत नाही. एक तृतीयांश कमाई खर्चात गेल्यावर यशाची टक्केवारी किती लागेल, याचा हिशोब करण्याचीही गरज उरत नाही.

या अडचणीमागे एक तारीख आहे. सेबीने ऑक्टोबर २०२४ मध्ये निर्देशांकाच्या कराराचं किमान मूल्य १५ लाख केलं, आणि नोव्हेंबरपासून निफ्टीचा लॉट २५ वरून ७५ झाला. २०० अंकांच्या ज्या स्प्रेडचा कमाल तोटा आधी ४,३७५ रुपये होता, तो १३,१२५ झाला. २ टक्क्यांच्या नियमाने आधी सव्वादोन लाखांच्या खात्यात तो एक लॉट बसत होता. नंतर त्याच एका लॉटला साडेसहा लाखांहून थोडं जास्त लागू लागलं. मार्जिनवर लॉट मोजणाऱ्या अनेकांच्या हे लक्षातच आलं नाही. त्यांनी पूर्वीसारखाच एक लॉट टाकला आणि नकळत जोखीम तिप्पट केली. लॉटचा आकार एक्स्चेंज वेळोवेळी बदलतं, म्हणून या लेखातला ७५ पाठ करू नका. सौद्याच्या दिवशीचा आकडा पाहा.

टक्के कशाचे काढायचे, हा प्रश्न साधा दिसतो पण इथेही चूक होते. अनेकजण शेअर आणि म्युच्युअल फंड गहाण ठेवून त्यावर मार्जिन घेतात आणि तीही रक्कम खात्यात धरतात. पण आपला सौदा बाजार पडल्यावर तोट्यात जाणारा आहे, आणि बाजार पडतो त्याच सकाळी गहाण शेअरही पडतात. तोटा वाढतो आणि ज्याचे टक्के काढले तो पायाच त्याच वेळी आकसतो. म्हणून टक्के काढावेत ते ऑप्शनसाठी वेगळ्या ठेवलेल्या रोख रकमेचे, आणि आजच्या शिलकीचे. गेल्या दिवाळीला खातं कुठे होतं त्याचे नव्हे.

एकाच वेळी अनेक सौदे असतील तर प्रत्येकाचे दोन टक्के वेगवेगळे धरून चालत नाही. ७ एप्रिलला निफ्टी सव्वातीन टक्के खाली बंद झाला, आणि बँक निफ्टीही तेवढाच. निफ्टीवर एक पुट स्प्रेड, बँक निफ्टीवर दुसरा आणि एखाद्या मोठ्या बँकेच्या शेअरवर तिसरा, असे सौदे कागदावर तीन दिसतात. पडत्या बाजारात तो एकच सौदा असतो, सहा टक्क्यांचा. म्हणून एका दिशेच्या सगळ्या सौद्यांचे कमाल तोटे एकत्र मिळवून त्यावर एक वेगळी मर्यादा हवी. मी पाच टक्के ठेवावेत असं म्हणेन. दोन्ही बाजूंना स्प्रेड असलेल्या आयर्न कॉन्डोरचं मात्र उलट आहे: एक्स्पायरीला निफ्टी एकाच वेळी वर आणि खाली असू शकत नाही, म्हणून तोटा एकाच बाजूचा धरायचा आणि प्रीमियम दोन्ही बाजूंचा वजा करायचा. आपल्या स्प्रेडला वरच्या बाजूने २० अंक देणारा तितकाच रुंद कॉल स्प्रेड जोडला, तर कमाल तोटा २०० वजा ४५, म्हणजे १५५ अंक. बाजूंची रुंदी वेगळी असेल तर रुंद बाजू धरायची.

तोटा झाल्यावर सौदा पुढच्या आठवड्यात ढकलण्याची, म्हणजे रोल करण्याची पद्धतही हा हिशोब बिघडवते. जुना सौदा बंद झाला, त्याचा तोटा झाला. नवा सौदा हा नवा सौदा आहे. आधीचं भरून काढायचं म्हणून त्यात दुप्पट लॉट घेतले तर दोन टक्क्यांचा नियम तिथेच संपला. रोल करताना भागाकार पुन्हा पहिल्यापासून करायचा, घटलेल्या शिलकीवर.

शेवटी, मर्यादित जोखीम खरोखर मर्यादित राहील याची काळजी घ्यावी लागते. ऑर्डर टाकताना संरक्षणाचा पुट आधी विकत घ्यायचा आणि मग दुसरा विकायचा. बंद करताना उलट, विकलेला आधी परत घ्यायचा. घाईत संरक्षणाचा पुट आधी विकून चार पैसे सोडवले, तर तेवढ्या वेळापुरता कमाल तोट्याचा आकडा खोटा ठरतो. शेअरच्या ऑप्शनमध्ये आणखी एक धोका आहे. निर्देशांकाचे ऑप्शन रोखीत मिटतात, पण शेअरच्या ऑप्शनमध्ये प्रत्यक्ष शेअरची देवाणघेवाण होते. एक्स्पायरीला शेअरचा भाव तुमच्या दोन स्ट्राइकच्या मधे थांबला, तर विकलेला पुट अंगावर येतो आणि विकत घेतलेला विझतो. पूर्ण लॉटचे शेअर घेणं भाग पडतं, त्याची किंमत काही लाखांत असते, आणि दुसऱ्या दिवशी त्या शेअरचं काय होईल याला कसलीच मर्यादा नाही. शेअरवरचे स्प्रेड म्हणून एक्स्पायरीच्या आधीच बंद करावेत.

हा नियम कोणाला श्रीमंत करणारा नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. सेबीच्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शनमध्ये सौदे करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले आणि त्यांचा एकत्रित तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर होता. त्यानंतरच्या वर्षातही ९१ टक्के तोट्यातच राहिले. सौद्यात मुळात फायदा नसेल तर लॉट मोजून तो निर्माण होत नाही. पैसे फक्त हळूहळू जातात. पण हळूहळू गेले तर आपल्या पद्धतीत दम नाही हे कळायला वेळ मिळतो आणि हातात बरंचसं भांडवल असतानाच थांबता येतं.

म्हणून पुढच्या ऑर्डरआधी तीन आकडे कागदावर लिहा: आजची शिल्लक, तिचे दोन टक्के आणि एका लॉटचा कमाल तोटा. भागाकाराचं उत्तर शून्य आलं तर तो सौदा तुमच्या खात्याचा नाही. ७५ चा लॉट धरला तर ३ लाखांच्या खात्याला निफ्टीचा २०० अंकांचा स्प्रेड परवडत नाही, मग ब्रोकरचं अ‍ॅप तिथे सात लॉट बसतात असं दाखवत असलं तरी.